५०×५०×६ चा अँगल मीटरला किती किलो? एका कोटेशनच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आज प्लॅटफॉर्मच्या सांगाड्याची चौकशी आली. तीन मापांचे समभुज अँगल आहेत: ५०×५०×६ एकूण २१६ मीटर, ७५×७५×६ एकूण ९६ मीटर आणि १००×१००×१० एकूण ४८ मीटर. ड्रॉइंगवर मापांसाठी ईएन १००५६ हे मानक दिलं आहे. ग्राहकाला दर किलोवर हवा आहे, म्हणजे आधी वजन नक्की करायचं, मग दर.

आमच्या जुन्या शीटमध्ये बाजू आणि जाडी टाकली की मीटरचं वजन मिळतं. तिन्ही मापं टाकली. अनुक्रमे ४.७१, ७.०७ आणि १५.७० किलो प्रति मीटर आलं. लांबीने गुणून एकूण २४४९ किलो.

आकडा लिहून ठेवला आणि सवयीने ड्रॉइंगवरच्या मानकाचा वजनांचा तक्ता उघडला. तिथे ५०×५०×६ समोर ४.४७ आहे. पाव किलोचा फरक मीटरमागे, तोही सर्वांत साध्या मापात. शीट बरीच वर्षं वापरात आहे, त्यामुळे आधी वाटलं मीच चुकीची ओळ वाचली. पुन्हा पाहिलं. ४.४७ च आहे. ७५×७५×६ ला तक्ता ६.८५ म्हणतो, १००×१००×१० ला १५.०. तिन्ही ठिकाणी शीट जास्त दाखवते. कोटेशन थांबवलं.

५ फेब्रुवारी

शीटच्या सेलमध्ये हे सूत्र निघालं:

```
=2*B2*C2*0.00785
```

B2 मध्ये बाजू, C2 मध्ये जाडी. दोन बाजू, प्रत्येकीचं क्षेत्रफळ बाजू गुणिले जाडी, मग त्यांची बेरीज. वाचायला अगदी बरोबर वाटतं आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. पण दोन्ही बाजू ज्या कोपऱ्यात मिळतात तो ६×६ मिमीचा चौकोन यात दोनदा मोजला जातो. उभी बाजू पूर्ण ५० धरली, तर आडवी बाजू त्या कोपऱ्याच्या पुढे फक्त ४४ उरते. म्हणून खरं सूत्र:

```
=C2*(2*B2-C2)*0.00785
```

मला हे पट्टीच्या रूपात बघायला सोपं जातं. पत्र्याचं वजन वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतं: १ मिमी जाड, १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो, कारण पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरतात. ५०×५०×६ चा अँगल म्हणजे वजनापुरती ९४ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड पट्टी. १०० मिमीची नव्हे. ९४ गुणिले ६ म्हणजे ५६४ चौरस मिमी, त्याला ०.००७८५ ने गुणलं की ४.४३ किलो.

इथे एक गोष्ट नीट लिहून ठेवते, कारण दुपारी ऑफिसमध्ये एकाने सुचवलं की जुन्या आकड्यातून सरळ पाच टक्के वजा करून टाकू. तसं करता येणार नाही. जादा मोजलेला भाग एका ठरावीक टक्क्याचा नसतो, तो जाडी भागिले (दोन बाजू उणे जाडी) इतका असतो. ५०×५०×६ ला ६.४ टक्के, ७५×७५×६ ला ४.२ टक्के, १००×१००×१० ला ५.३ टक्के. बाजू लहान आणि जाडी मोठी असेल तर हा वाटा फुगतो: २५×२५×५ ला तो ११ टक्क्यांवर जातो. बाजू मोठी आणि जाडी कमी असेल, जसं १००×१००×६, तर ३ टक्केच. सरासरी काढून वजा केलं तर एका मापात आपण खाऊ आणि दुसऱ्यात मार खाऊ.

नव्या सूत्राने एकूण वजन २३२३ किलो आलं. जुन्यापेक्षा १२६ किलो कमी.

६ फेब्रुवारी

कोपरा सुटला तरी आकडा तक्त्याशी तंतोतंत जुळत नाही. ४.४३ विरुद्ध ४.४७. आता शीट किंचित कमी दाखवते.

हा उरलेला फरक गोलाईचा आहे. तापवून रोल केलेल्या अँगलच्या आतल्या कोपऱ्यात धातू भरलेला असतो, तिथे धारदार काटकोन नसतो. त्या गोलाईच्या त्रिज्येला रूट रेडियस म्हणतात. उलट दोन्ही बाजूंच्या टोकांना आतल्या अंगाने कड गोल केलेली असते, तिथे धातू कमी होतो. एका ठिकाणी वाढ, दोन ठिकाणी घट.

चौकोनात बसवलेल्या पाव वर्तुळाने जो कोपरा मोकळा राहतो त्याचं क्षेत्रफळ ०.२१४६ गुणिले त्रिज्येचा वर्ग असतं (१ मधून π भागिले ४ वजा केलं की ०.२१४६). रूटपाशी तेवढा धातू वाढतो. टोकांची त्रिज्या रूटच्या निम्मी असते, म्हणून एका टोकाला त्याच्या एक चतुर्थांश इतकी घट आणि दोन टोकांना मिळून निम्मी. हाती उरते ती अर्धी वाढ, म्हणजे ०.१०७३ गुणिले रूट त्रिज्येचा वर्ग. ५० च्या अँगलला ही त्रिज्या ७ मिमी आहे: ०.१०७३ गुणिले ४९, म्हणजे सुमारे ५.३ चौरस मिमी. ५६४ मध्ये मिळवले की ५६९.३, आणि वजन ४.४७. जुळलं!

```
=0.00785*(C2*(2*B2-C2)+0.1073*D2^2)
```

D2 मध्ये रूट त्रिज्या. ७५×७५×६ ला ९ मिमी टाकली, ६.८५ आलं. १००×१००×१० ला १२ मिमी टाकली, १५.०४ आलं, तक्ता १५.० लिहितो. तीनही मापं बसल्यावर मला फार बरं वाटलं. आता सूत्र कुठून आलं आणि त्यातला प्रत्येक तुकडा काय करतो हे मला सांगता येतं.

मर्यादा अशी की ०.१०७३ हा आकडा टोकाची त्रिज्या रूटच्या निम्मी असेल तरच चालतो. दुसऱ्या मानकात तसं नसेल तर दोन्ही त्रिज्या वेगळ्या घेऊन हिशेब करावा लागेल. आणि त्रिज्या माहीतच नसेल तर D2 रिकामं ठेवावं. या तीन मापांत तेवढ्याने एक टक्क्याच्या आतच फरक पडतो.

७ फेब्रुवारी

स्टोअरच्या भिंतीवर आयएस ८०८ च्या १९८९ च्या आवृत्तीतला तक्ता लावलेला आहे. त्यात ५०×५०×६ ला ४.५, ७५×७५×६ ला ६.८ आणि १००×१००×१० ला १४.९ आहे. ड्रॉइंगवरच्या मानकात हेच आकडे ४.४७, ६.८५ आणि १५.०. बाजू आणि जाडी तीच, वजन मात्र थोडं वेगळं. याची दोन कारणं आहेत: गोलाईची त्रिज्या दोन्हीकडे सारखी नाही, आणि एका तक्त्यात एकच दशांश स्थळ ठेवलं आहे.

आपल्या यादीवर दोन्ही लावून पाहिले. ईएनच्या आकड्यांनी २३४३ किलो, आयएसच्या आकड्यांनी २३४०. एकूण जवळजवळ सारखं, पण ते फरक एकमेकांत मिटल्यामुळे. फक्त ५० चा अँगल घेतला तर ४.४७ चं ४.५ झाल्याने २१६ मीटरमागे साडेसहा किलो वाढतात. एकाच मापाची मोठी ऑर्डर असेल तेव्हा हे मिटायला दुसरं माप नसतं. म्हणून कोटेशनमध्ये कोणत्या मानकाचं वजन धरलं ते एका ओळीत लिहायचं ठरवलं. या कामात ईएन १००५६, कारण ड्रॉइंग तेच सांगतं.

९ फेब्रुवारी

दोन दिवस एकच प्रश्न डोक्यात होता. सूत्र इतकी वर्षं चुकीचं होतं, तर कुणाला कळलं कसं नाही? माल मागवला जातो, काट्यावर चढतो, बिल होतं. पाच-सहा टक्क्यांचा फरक कुठेतरी दिसायला हवा होता.

उत्तर कटिंगच्या यादीत सापडलं.

५०×५०×६ चे २१६ मीटर म्हणजे प्रत्यक्षात १.४ मीटरचे १२० तुकडे आणि ३ मीटरचे १६ तुकडे. माल ६ मीटरच्या नगांत येतो. एका नगातून १.४ चे चार तुकडे निघतात आणि ०.४ मीटर उरतं. ३ मीटरचे दोन निघतात. या हिशेबाने ३० आणि ८, मिळून ३८ नग, म्हणजे २२८ मीटर. खरेदीचं वजन २२८ गुणिले ४.४७, म्हणजे १०१९ किलो.

आणि जुनी शीट २१६ मीटरचं वजन किती दाखवत होती? १०१७ किलो.

म्हणजे कोपरा दोनदा मोजल्याने वाढलेलं वजन आणि कापताना उरणारा माल, दोन्ही जवळपास सारखे निघाले. ज्याने कुणी शीटचा आकडा खरेदीशी ताडून पाहिला असेल त्याला दोन किलोंचा फरक दिसला असेल आणि त्याने समाधानाने फाइल मिटली असेल. चूक वेस्टेजच्या आड उभी होती. मिस्त्रींना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, आम्ही म्हणायचो शीटमध्ये वेस्टेज धरलेलंच आहे. कधी कमी पडत नाही.” शीटमध्ये वेस्टेज कुठेही धरलेलं नव्हतं.

मग बाकीची दोन मापं तपासली आणि तिथे हा योगायोग तुटला.

७५×७५×६ चे ९६ मीटर म्हणजे २.४ मीटरचे ४० तुकडे. ६ मीटरच्या नगातून दोनच निघतात, १.२ मीटर उरतं. २० नग लागतात, १२० मीटर, खरेदीचं वजन ८२२ किलो. जुनी शीट ६७८ दाखवते. इथे १४४ किलो कमी.

१००×१००×१० चे ४८ मीटर म्हणजे ३ मीटरचे १६ तुकडे, आठ नगांतून बरोबर निघतात, काहीच उरत नाही. खरेदी ७२० किलो. जुनी शीट ७५४ दाखवते. इथे ३४ किलो जास्त, आणि ते किलो ग्राहकाने कशाबद्दल द्यायचे याला उत्तर नाही.

एकच शीट, एकच काम, आणि तीन मापांत तीन वेगळे निकाल: एक जुळलेलं, एक तोट्यात, एक फुगलेलं. तुकड्यांची लांबी नगात कशी बसते यावर वेस्टेज ठरतं. बाजू आणि जाडीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मीटरच्या वजनात वेस्टेज मिसळायचंच नाही. शीटमध्ये आता दोन वेगळे रकाने आहेत: ड्रॉइंगप्रमाणे निव्वळ वजन, आणि नगांप्रमाणे खरेदीचं वजन. निव्वळ २३४३ किलो, खरेदी २५६१ किलो.

मिस्त्रींनी एक मोलाची गोष्ट सांगितली. ३ मीटरचे दोन तुकडे एका ६ मीटरच्या नगातून काढताना करवतीची जाडी जाते. नग नेमका ६ मीटरचा असला तर दुसरा तुकडा दोन-तीन मिमी आखूड येणार. ५० च्या अँगलमध्ये यावर वाट आहे: एका नगातून ३ मीटरचा एक आणि १.४ चे दोन काढायचे, म्हणजे ५.८ मीटर, आणि २० सेंटीमीटर हाताशी राहतात. अशा १६ नगांतून ३ मीटरचे सगळे तुकडे आणि १.४ चे ३२ निघतात. उरलेले ८८ तुकडे २२ नगांतून. एकूण पुन्हा ३८ च नग, पण आखूड तुकड्याची भीती गेली. १०० च्या अँगलला ही सोय नाही, तिथे नगाची लांबी मोजूनच घ्यावी लागेल.

११ फेब्रुवारी

ग्राहकाकडून ड्रॉइंगची सुधारित प्रत आली. कडेने ६०×६०×४ चा २४ मीटर अँगल वाढला आहे, पण तो रोल केलेला नाही, पत्रा वाकवून करायचा आहे. त्याला आपलं सूत्र लागू नाही.

वाकवलेल्या अँगलला बाहेरचा कोपरा गोल असतो. रोल केलेल्यात तो धारदार असतो आणि आत भराव असतो. इथे आतली त्रिज्या जाडीइतकी, ४ मिमी दिली आहे, म्हणजे बाहेरची ८. प्रत्येक बाजूचा सरळ भाग ६० उणे ८, म्हणजे ५२ मिमी. दोन्ही सरळ भागांचं क्षेत्रफळ ४१६ चौरस मिमी, आणि वळणाचा पाव कड्यासारखा भाग ३७.७. एकूण ४५३.७, वजन ३.५६ किलो प्रति मीटर. नेहमीच्या सूत्राने ३.६४ आलं असतं. २४ मीटरला दोन किलोंचा प्रश्न आहे, फार नाही. पण शीटमध्ये ही ओळ वेगळ्या सूत्राने ठेवली आणि शेजारी “वाकवलेला” असं लिहिलं, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी वरचं सूत्र खाली ओढणार.

१३ फेब्रुवारी

आता कागदावरचं वजन पक्कं झालं. पण पुरवठादार काट्यावरच्या वजनाचं बिल देतो, आणि काट्यावर चढणारा अँगल बरोबर ६ मिमीचाच असेल असं नाही. दुसऱ्या कामासाठी आलेला ५०×५०×६ चा गठ्ठा स्टोअरमध्ये होता, तो तपासायला घेतला.

आधी मिस्त्रींनी बाजूच्या कडेला वर्नियरची टोकं टेकवून मोजलं. ५.१ मिमी. दोघंही चमकलो. मग लक्षात आलं की टोकाला आतून साडेतीन मिमी त्रिज्येची गोलाई आहे, त्यामुळे कडेलगतची जाडी नेहमीच कमी लागते. आणि कोपऱ्याजवळ गेलं तर भरावामुळे जास्त लागते. जाडी मोजायची ती बाजूच्या मध्यावर, दोन्ही गोलाईंपासून दूर. तिथे ५.६ आली, काही ठिकाणी ५.५.

एका जागेच्या मापावर विसंबून चालत नाही. म्हणून उलट वाट धरली: वजनावरून जाडी काढायची. दहा नग काढले, प्रत्येकाची लांबी टेपने मोजली. सगळे ६ मीटरपेक्षा थोडे मोठे होते, एकूण ६०.४ मीटर. लांबी न मोजता ६० धरली असती तर इथेच सुमारे ०.७ टक्क्याची चूक झाली असती. दहा नगांचं वजन २५३ किलो. म्हणजे ४.१९ किलो प्रति मीटर. यातून जाडी काढायचं सूत्र:

```
=B2-SQRT(B2^2-(W2/0.00785-0.1073*D2^2))
```

W2 मध्ये मोजलेलं मीटरचं वजन. उत्तर ५.६० मिमी. वर्नियरच्या मध्यावरच्या मापाशी ते जुळलं, म्हणून दोन्हींवर विश्वास बसला.

४.१९ म्हणजे तक्त्यापेक्षा ६.३ टक्के कमी. ईएन १००५६ च्या दुसऱ्या भागात सूट दिलेली आहे: ५ ते १० मिमीमधल्या जाडीला अधिक-उणे ०.७५ मिमी, आणि ४ मिमीपेक्षा जाड अँगलच्या वजनाला अधिक-उणे ४ टक्के. इथे खरी गंमत आहे आणि मला ती आजच कळली. फक्त जाडी बघितली तर ५.६ सहज पास होते, अगदी ५.२५ पर्यंत पास होईल. पण ५.२५ जाडीच्या अँगलचं वजन जवळजवळ १२ टक्के कमी असतं. ४ टक्क्यांची मर्यादा जाडी ५.७५ च्या आसपास असतानाच गाठली जाते. म्हणजे जाडीची सूट वाचून निश्चिंत झालेला माणूस वजनात फसतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि त्यातली कडक अट वजनाची आहे.

जाडीचं एवढं का, तर बाजू दोन्हीकडे १ मिमीने कमी झाली तर क्षेत्रफळ १२ चौरस मिमीने घटतं, पण जाडी १ मिमीने कमी झाली तर सुमारे ८८ ने. जाडीतला एक दशांश मिमी म्हणजे दीड टक्का वजन. बाजू टेपने मोजली तरी चालेल, जाडीला हलक्या हाताने घेता येत नाही.

गठ्ठा परत पाठवण्यासाठी बाजूला काढला. दहा नगांच्या लांब्या, वजन आणि वर्नियरची मापं एका कागदावर लिहून सोबत जोडली.

१४ फेब्रुवारी

कोटेशनची भाषा ठरवायला बसले. सगळा पेच एका प्रश्नात आहे: ग्राहकाला कोणत्या किलोचं बिल द्यायचं?

कालचाच गठ्ठा या कामाला वापरला असता असं धरू. २२८ मीटर माल काट्यावर ९५५ किलो भरला असता आणि आपण तेवढ्याचेच पैसे दिले असते. ग्राहकाला तक्त्याप्रमाणे २१६ मीटरचे ९६६ किलो लावले असते. त्याच्या हातात प्रत्यक्ष पोचलं असतं ९०५ किलो पोलाद. साठ किलोंचे पैसे त्याने न मिळालेल्या धातूसाठी दिले असते, आणि सांगाडा हिशेबापेक्षा पातळ अँगलवर उभा राहिला असता. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. डिझाइन करणाऱ्याने ६ मिमी धरून ताकद काढली आहे.

उलट बाजूही आहे. माल ४ टक्के जड आला तर तोही सुटीत बसतो, आणि आपण काट्यावर जादा भरून ग्राहकाकडून तक्त्याचेच घेतो. दोन्ही बाजूंना जोखीम आहे, म्हणून ती लिहून वाटून घेणं बरं. कोटेशनमध्ये असं लिहिलं:

“वजन ईएन १००५६ च्या तक्त्याप्रमाणे, ड्रॉइंगमधील तयार लांबीवर निव्वळ धरले आहे. बोल्टच्या भोकांची वजावट केलेली नाही. वाकवलेल्या अँगलचे वजन प्रत्यक्ष छेदावरून काढले आहे. कापून उरलेला माल वेगळ्या ओळीत दाखवला आहे. मालाचे प्रत्यक्ष वजन तक्त्यापेक्षा ४ टक्क्यांहून अधिक कमी भरल्यास तो माल वापरला जाणार नाही.”

भोकांबद्दल थोडं. १८ मिमीचं एक भोक ६ मिमी जाडीतून १२ ग्रॅम काढतं. शंभर भोकं म्हणजे सव्वा किलो. वजा करण्यात अर्थ नाही, पण लिहून ठेवलं की नंतर वाद होत नाही.

उरलेल्या मालाची ओळ लिहिताना सगळ्यात जास्त वेळ गेला. ७५ च्या अँगलचे १.२ मीटरचे वीस तुकडे उरणार आहेत, १६४ किलो. ते भंगार नाहीत, दुसऱ्या कामात लागतील. म्हणून त्यांची पूर्ण किंमत ग्राहकावर टाकली नाही, फक्त ५० च्या अँगलचे १२ मीटर, सुमारे ५४ किलो, कापून उरलेला माल म्हणून दाखवले. आणि ग्राहकाला सुचवलं की ७५ चा तुकडा २.४ ऐवजी जोड देऊन बसवता येत असेल तर विचारावं. डिझाइनला चालणार नसेल तर सोडून द्यायचं, वजन वाचवण्यासाठी जोडाची जागा आपण ठरवायची नाही.

निव्वळ वजन रोल केलेल्या अँगलचं २३४३ किलो आणि वाकवलेल्याचं ८५ किलो. संध्याकाळी कोटेशन गेलं.

१६ फेब्रुवारी

जुन्या शीटची प्रत वेगळ्या नावाने ठेवली आणि मूळ जागी नवी ठेवली. सूत्राचे सेल कुलूपबंद केले. एकाच मापाची तपासणीची ओळ सगळ्यात वर टाकली: ५०, ६, त्रिज्या ७, उत्तर ४.४७. हे उत्तर बदललेलं दिसलं तर कुणीतरी सूत्राला हात लावला आहे. एकक चुकलं तरी इथेच कळेल: कुणी सेंटीमीटरमध्ये मापं टाकली तर क्षेत्रफळ शंभरपट लहान होतं आणि उत्तर ०.०४ येतं. क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये असेल तर गुणक ०.७८५ घ्यावा लागतो, म्हणून शीटच्या माथ्यावर “फक्त मिमी” असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्याआधीची चार कोटेशनं काढून पुन्हा हिशेब केला. दोन ठिकाणी ग्राहकाला जास्त किलो लागले होते. त्यातलं एक काम अजून चालू आहे, त्याचं शेवटचं बिल निव्वळ वजनावर करायचं ठरलं.

२० फेब्रुवारी

परत केलेल्या गठ्ठ्याच्या बदली नवा आला. पुन्हा दहा नग: लांबी ६०.३ मीटर, वजन २६७ किलो, म्हणजे ४.४३ किलो प्रति मीटर. तक्त्यापेक्षा एक टक्का कमी, सूत्राने जाडी ५.९४. वर्नियरने मध्यावर ५.९ आणि ६.०. मिस्त्रींनी गठ्ठ्यावर खडूने ४.४३ लिहून तो रॅकवर चढवला.